नव्या फोनमध्ये कार्ड दिसतं, पण चालत का नाही?

नवा फोन सुरू केला, जुन्या फोनमधली माहिती त्यात घेतली, वॉलेट उघडलं. कार्डं जागेवर, दुकानाचं सदस्यकार्ड जागेवर, सगळं जिथल्या तिथे. मग काउंटरवर फोन मशीनला टेकवला, तर मशीन गप्प. फोन बदलल्यावर बहुतेकांची गाडी अडते ती इथेच, आणि बहुतेकजण फोनला नाहीतर मशीनला दोष देतात. दोष दोघांचाही नसतो. वॉलेटमध्ये कार्डाचं चित्र दिसणं आणि त्या फोनमधून पैसे देता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हा लेख टेकवून पैसे देण्याच्या सोयीबद्दल आहे, म्हणजे गूगल वॉलेट, अ‍ॅपल वॉलेट किंवा सॅमसंग वॉलेटमध्ये ठेवलेल्या बँकेच्या कार्डांबद्दल आणि त्यांच्यासोबत तिथे राहणारे पास, तिकिटं, किल्ल्या यांच्याबद्दल. मुख्य वाट अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाण्याची धरली आहे. आयफोनची वाट बरीचशी तशीच आहे, फरक जिथे पडतो तिथे सांगेन.

फोनमध्ये कार्ड नसतंच

कार्ड वॉलेटमध्ये घालताना तुम्ही प्लास्टिकवरचा नंबर टाकता, पण तो नंबर पैसे देण्यासाठी फोनमध्ये ठेवला जात नाही. बँक आणि व्हिसा-मास्टरकार्डसारखं कार्ड-नेटवर्क मिळून त्याच्या बदल्यात दुसराच नंबर तयार करतात. या बदली नंबराला टोकन म्हणतात. गूगल त्याला `Virtual account number` म्हणतं, अ‍ॅपल `Device Account Number`. मशीनला टेकवल्यावर दुकानदाराकडे जातो तो हा नंबर, आणि त्याच्यासोबत त्या एकाच व्यवहारापुरता तयार झालेला सांकेतिक कोड.

हे टोकन एका कार्डासाठी आणि एकाच उपकरणासाठी असतं. मुखत्यारपत्र ज्याच्या नावावर केलंय तोच मुखत्यार. कागद दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून दुसरा होत नाही. टोकनचं तसंच आहे. ते बॅकअपमध्ये जात नाही, केबलने जात नाही, क्लाउडवरून उतरत नाही, आणि हे मुद्दामच असं ठेवलेलं आहे. बॅकअपमधून टोकन उतरवता आलं असतं, तर तुमचा बॅकअप ज्याच्या हाती लागला त्याला तुमच्या कार्डाने खरेदी करता आली असती.

मग नव्या फोनमध्ये कार्ड दिसतं ते कुठून? गूगलच्या बाबतीत ते तुमच्या गूगल खात्यात ऑनलाइन खरेदीसाठी साठवलेलं असतं. अ‍ॅप विकत घेताना किंवा ब्राउझरमधून पैसे भरताना जे कार्ड समोर येतं, तेच हे. खात्यासोबत ते आपोआप येतं आणि ऑनलाइन खरेदीला लगेच चालतंही. टेकवण्यासाठी मात्र नव्या फोनच्या नावाने नवं टोकन बनावं लागतं, आणि त्यासाठी बँकेला पुन्हा विचारावं लागतं. पुढचं सगळं काम या एका परवानगीसाठी आहे.

फोन बदलण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे प्लास्टिकचं कार्ड शोधून ठेवा. हसू नका. वर्षानुवर्षं फोन टेकवणाऱ्या माणसाचं कार्ड कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते त्यालाच ठाऊक नसतं. त्यात एक मेख आहे. कार्डाची मुदत संपून बँकेने नवं पाठवलं, तर अनेक बँका जुन्या फोनमधलं टोकन परस्पर नव्या कार्डाला जोडून देतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही, फोन चालत राहतो. नव्या फोनवर मात्र मुदतीची तारीख आणि मागचा सीव्हीव्ही विचारला जातो, आणि तुमच्या हातातलं कार्ड मुदत संपलेलं असतं. नवं कार्ड ज्या पाकिटातून आलं ते पाकीट न उघडता कुठेतरी पडलेलं असतं. म्हणून कार्ड शोधताना त्यावरची मुदत वाचा.

दुसरी गोष्ट बँकेकडे नोंदलेल्या मोबाइल नंबराची. परवानगीचा कोड बहुधा त्याच नंबरावर एसएमएसने येतो, कधी ईमेलवर, कधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये. नंबर जुना असेल तर तो आधी बँकेत बदलून घ्या. नव्या फोनवर कार्ड घालायला बसल्यावर हे लक्षात आलं तर काम तिथेच थांबतं, कारण नंबर बदलायला बँकेला वेळ लागू शकतो.

तिसरी गोष्ट करायची नाही, टाळायची आहे. सगळं नीट चालू होईपर्यंत जुना फोन पुसू नका, विकू नका, कुणाला देऊ नका. गूगल किंवा अ‍ॅपल खात्यात शिरताना ‘तुम्हीच आहात का’ हा प्रश्न जुन्या फोनच्या पडद्यावर येतो. एसएमएस तिथे येऊ शकतो. परतावा अडकला असेल तर तोही त्याच फोनशी बांधलेला असतो, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

जुन्या फोनचं वॉलेट उघडून आत काय काय आहे याची कागदावर यादी करा. ‘मला माहीत आहे’ म्हणणारे लोक घरातल्या दुसऱ्याचं कार्ड, ऑफिसचा प्रवेशपास आणि गाडीची किल्ली हमखास विसरतात.

क्रम महत्त्वाचा

नव्या फोनवर कामं या क्रमाने केली तर मागे फिरावं लागत नाही.

१. स्क्रीन लॉक आधी लावा. पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड, आणि सोबत बोटाचा ठसा. लॉक नसेल तर वॉलेट टेकवण्यासाठी कार्ड स्वीकारतच नाही. काही अँड्रॉइड फोनमध्ये चेहऱ्याने फोन उघडतो, पण पैसे देण्याइतका तो चेहरा भरवशाचा धरला जात नाही. तिथे ठसा किंवा पिन मागितला जाईल.

२. मग जुन्या फोनवर जे होतं तेच गूगल खातं. दोन खाती असतील तर जुन्या वॉलेटमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करून कोणतं खातं चालू आहे ते पाहा. पास ‘गायब’ झाल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा दुसरं खातं असतं.

३. सिम किंवा ई-सिम नव्या फोनवर आणा, आणि एक साधा एसएमएस येतो का ते तपासा.

४. बँकेचं अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करा. हे अ‍ॅपसुद्धा उपकरणाशी बांधलेलं असतं आणि त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते. वॉलेटच्या आधी ते करण्याचं कारण असं की काही बँका कार्डाची परवानगी अ‍ॅपमधूनच मागतात. काही बँका नव्याने नोंदलेल्या फोनवर सुरुवातीचा थोडा काळ रकमेची मर्यादा कमी ठेवतात, तेव्हा मोठी खरेदी ठरलेली असेल तर फोन आदल्या संध्याकाळी बदलू नका.

५. आता वॉलेट.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा जुन्या फोनच्या वॉलेटमध्ये एक डेबिट कार्ड आहे, एक क्रेडिट कार्ड आहे, एका दुकानाचं सदस्यकार्ड, परवाच्या विमानाचा बोर्डिंग पास आणि शहरातल्या मेट्रोचं शिल्लक भरलेलं प्रवासकार्ड आहे. डेबिट कार्डाच्या प्लास्टिकवरचे शेवटचे आकडे ४४१२. जुन्या फोनमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात `Virtual account number` पाहिला, तर शेवटचे आकडे ७०९३. म्हणजे दुकानात जातो तो ७०९३, आणि ४४१२ दुकानदाराला कधी दिसतच नाही. हे ७०९३ यादीत लिहून ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

नव्या फोनवर वॉलेट उघडून `Add to Wallet` वर टॅप करा आणि `Payment card` निवडा. खात्यात साठवलेली कार्डं इथे यादीत दिसतील. ४४१२ वर टॅप केल्यावर सगळी माहिती पुन्हा भरावी लागत नाही, बहुधा सीव्हीव्ही तेवढा मागितला जातो. क्रेडिट कार्ड यादीत नसेल तर `New credit or debit card` निवडून कॅमेऱ्यासमोर कार्ड धरा किंवा हाताने नंबर टाका. बँकेच्या अटी येतील, त्या स्वीकारल्यावर परवानगीचे पर्याय समोर येतील: एसएमएस, ईमेल, बँकेचं अ‍ॅप, नाहीतर बँकेला फोन. जो सगळ्यात जवळचा तो घ्या, पण कोड कुठल्या नंबरावर जातोय त्याचे दाखवलेले शेवटचे आकडे वाचून मगच पुढे जा.

या कोडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लबाडीची एक सर्रास पद्धत अशी आहे: चोरलेला कार्ड नंबर चोर स्वतःच्या फोनच्या वॉलेटमध्ये घालतो, कोड तुमच्या मोबाइलवर येतो, आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत तो तुमच्याकडून काढून घेतला जातो. एकदा कोड दिला की त्याच्या फोनसाठी तुमच्या कार्डाचं टोकन तयार होतं आणि तो निवांत खरेदी करत फिरतो. मेसेज पूर्ण वाचा. कार्ड वॉलेटमध्ये घालण्यासाठीचा कोड असेल तर तसं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. त्या क्षणी तुम्ही स्वतः कार्ड घालत नसाल, तर तो कोड दुसऱ्याच कुणीतरी मागवलेला आहे. आणि नवा फोन लावत असताना नेमका असा फोन आला, तर ‘योगायोगाने बरोबरच वेळेला आला’ असं वाटून माणूस फसतो. कोड तुम्ही वॉलेटच्या चौकटीत टाइप करायचा असतो, तोंडाने कुणालाही सांगायचा नसतो.

कोड टाकला की थोड्या वेळात कार्ड तयार होतं. झालं की नाही ते चित्रावरून ठरवू नका. कार्डाच्या तपशिलात जा आणि `Virtual account number` पाहा. समजा तिथे १६५८ दिसतं. आकडे आले म्हणजे या फोनचं टोकन तयार झालं, आणि ते ७०९३ पेक्षा वेगळे असणं हेच बरोबर आहे. या ओळीचा पत्ताच नसेल आणि कार्ड टेकवण्यासाठी सेट करा अशी सूचना दिसत असेल, तर जे दिसतंय ते नुसतं खात्यातलं ऑनलाइन कार्ड आहे.

क्रेडिट कार्डासाठी हेच पुन्हा. मग ज्या कार्डाने नेहमी पैसे द्यायचे ते वॉलेटमध्ये पहिलं ठेवा. जुन्या फोनवरची निवड इथे आली असेल असं धरून चालू नका.

सदस्यकार्ड काही न करता आलेलं असेल, कारण असे पास गूगल खात्यात साठवले जातात. बोर्डिंग पासही तसाच. तरी विमान परवाच असेल तर तो उघडून बारकोड दिसतोय ना ते घरीच पाहा, आणि विमान कंपनीच्या ईमेलमधली प्रत हाताशी ठेवा. आरोग्य किंवा ओळख यांच्याशी संबंधित काही पास गूगल खासगी धरतं. ते जपून हाताळले जातात, खात्यातून आपोआप आले नाहीत तर ज्याने दिले त्याच्याकडून पुन्हा घ्यावे लागतात.

राहिलं प्रवासकार्ड. हे या सगळ्यांत नाजूक, म्हणून त्याला वेगळी जागा देतो.

शिल्लक असलेलं प्रवासकार्ड

बँकेच्या कार्डाचे पैसे बँकेत असतात; फोन गेला तरी पैसे जागेवरच. शिल्लक भरलेल्या प्रवासकार्डाची गोष्ट वेगळी आहे. अशा अनेक कार्डांमध्ये शिल्लक आणि प्रवासाची नोंद त्या फोनशी बांधलेली असते, आणि कार्ड एका वेळी एकाच फोनवर राहू शकतं. म्हणून इथे क्रम उलटा. बँकेचं कार्ड आधी नव्या फोनवर घालायचं आणि मग जुन्यावरून काढायचं. प्रवासकार्ड मात्र जुन्यावरून सोडवून मग नव्यावर घ्यायचं. काही कार्डांच्या बाबतीत वॉलेट किंवा वाहतूक कंपनीचं अ‍ॅप ‘दुसऱ्या फोनवर हलवा’ असा पर्याय देतं आणि सोडवणं आतल्या आत होतं. तो पर्याय नसेल तर जुन्या फोनवरून काढण्याआधी त्या कंपनीच्या मदतीच्या पानावर हलवण्याची रीत वाचा. काढताना जुन्या फोनला इंटरनेट हवंच, नाहीतर शिल्लक सर्व्हरवर नोंदली जात नाही आणि ती परत मिळवायला ग्राहकसेवेच्या मागे लागावं लागतं. नव्या फोनवर शिल्लक दिसेपर्यंत जुना फोन पुसू नका.

बँकेचंच कार्ड फाटकावर टेकवून प्रवास करत असाल तर शिल्लक हलवण्याची कटकट नाही, पण वेगळी गंमत आहे. फाटकाच्या हिशेबात ७०९३ आणि १६५८ हे दोन वेगळे प्रवासी असू शकतात. सकाळी जुना फोन टेकवून आत गेलात आणि बाहेर पडताना नवा टेकवलात, तर व्यवस्थेला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींवर जास्तीचं भाडं लागू शकतं. दिवसाच्या किंवा आठवड्याच्या खर्चाला जिथे कमाल मर्यादा असते, तिथे नव्या फोनवर मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. म्हणून फोन बदलण्याची वेळ प्रवासाच्या मध्ये येऊ देऊ नका, आणि अशी मर्यादा असेल तर नवा मोजणीकाळ सुरू होतो त्या दिवशी बदल करणं फायद्याचं.

फोन न उघडता फाटकावर टेकवण्याची सोय वापरत असाल, तर ती नव्या फोनवर पुन्हा चालू करावी लागू शकते. आयफोनवर ती `Settings` मधल्या `Wallet & Apple Pay` मध्ये सापडते. कुठलं कार्ड निवडलेलं आहे ते तिथे पाहूनच घ्या. गर्दीच्या वेळी फाटकासमोर उभं राहून शोधण्याची ती जागा नाही.

टेकवलं तरी चालत नसेल

टोकन तयार आहे, तरी मशीन दाद देत नाही? आधी सेटिंग्जमध्ये `NFC` शोधा, म्हणजे फोन टेकवल्यावर मशीनशी बोलणारी जवळच्या अंतराची रेडिओ-सोय, आणि ती चालू आहे का पाहा. तिथेच जवळपास टेकवून पैसे देण्यासाठीचं ठरावीक अ‍ॅप निवडायची जागा असते. तिचं नाव फोनागणिक बदलतं. सॅमसंगच्या फोनवर दोन वॉलेटं असू शकतात, आणि तुमची कार्डं गूगल वॉलेटमध्ये असताना ठरावीक अ‍ॅप सॅमसंग वॉलेट असेल तर मशीनला भलतंच अ‍ॅप उत्तर देतं. बाजूचं बटण दोनदा दाबल्यावर कुठलं वॉलेट उघडतं तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, खरी निवड सेटिंग्जमधली.

मशीनवर फोन कुठे टेकवायचा हेही बदललेलं असतं. एनएफसीचा अँटेना प्रत्येक फोनमध्ये एकाच जागी नसतो: आयफोनमध्ये वरच्या टोकाशी, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याजवळ. जुन्या सवयीने टेकवून क्षणात मागे घेतला तर वाचला जात नाही. जाड किंवा धातूची पट्टी असलेलं कव्हरही आड येतं, आणि नव्या फोनसोबत नवं कव्हर आलेलं असतंच.

कार्ड घालतानाच नकार येत असेल तर त्याची कारणं वेगळी. वापरलेला फोन घेतला असेल आणि त्याची प्रणाली कुणी बदललेली असेल, तर टेकवण्याची सोय मिळत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये `About` खाली `Play Protect certification` दिसतं. तिथे फोन प्रमाणित नसल्याचं लिहिलं असेल तर बँकेशी भांडून उपयोग नाही. फोन प्रमाणित आहे, तरी बँक नाकारते, असं असेल तर पत्ता किंवा नाव बँकेतल्या नोंदीशी जुळत नसतं, कोड चुकीचा पडून प्रयत्न संपलेले असतात, नाहीतर त्या कार्डाची टोकनं आधीच फार झालेली असतात. काही बँका एका कार्डाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त उपकरणं देत नाहीत. गेल्या काही वर्षांतले जुने फोन, टॅबलेट, घड्याळं अजून नोंदीत असतील तर जागाच उरत नाही. बँकेला फोन करून ‘वॉलेटमधली जुनी टोकनं काढा’ एवढं सांगितलं की समोरच्याला नेमकं कळतं. सारखे प्रयत्न करत बसलात तर उलट कार्ड काही काळ अडवलं जातं.

आयफोनवरून आयफोनवर

आयफोनची रीत थोडी सुखाची आहे. नवा आयफोन लावताना जुन्या फोनवरची कार्डं पडद्यावर येतात आणि बहुतेकांसाठी सीव्हीव्ही टाकून पुढे जाता येतं. ते पान घाईत टाळलं असेल तर वॉलेटमध्ये अधिकच्या चिन्हावर टॅप करून `Previous Cards` मध्ये तीच कार्डं सापडतात. टोकन इथेही नवंच बनतं, आणि ते सिक्युअर एलिमेंट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये राहतं. पास आयक्लाउडवरून येतात, पण आयक्लाउडच्या सेटिंग्जमध्ये वॉलेट चालू असेल तरच.

एक नियम अँड्रॉइडला आणि आयफोनलाही सारखाच लागू आहे आणि तो कुणी सांगत नाही: नव्या फोनचा पिन किंवा पासकोड पूर्ण बंद केलात तर टेकवायची कार्डं निघून जातात. दुरुस्तीला फोन देताना दुकानदाराच्या सांगण्यावरून लॉक काढणाऱ्यांना परत आल्यावर सगळी कार्डं पुन्हा घालावी लागतात.

आयफोनवरून अँड्रॉइडवर किंवा उलट जात असाल तर काहीच आपोआप येत नाही. पासाची मूळ ईमेल किंवा कंपनीचं अ‍ॅप उघडून प्रत्येक पास नव्याने घालावा लागतो. तिथे आधी केलेली यादी उपयोगी पडते.

किल्ली, ओळखपत्र, घड्याळ

गाडीची डिजिटल किल्ली ही गाडी आणि फोन यांच्यातली जोडी आहे. बॅकअपमधून किल्ली येईल या भरवशावर राहू नका. नव्या फोनवर ती गाडीतून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून पुन्हा जोडावी लागते, आणि जोडताना खरी किल्ली जवळ लागू शकते. खरी किल्ली दुसऱ्या गावी असताना फोन बदलू नका, इतकंच. कचेरीचा किंवा कॉलेजचा प्रवेशपास ज्यांनी दिला त्यांच्याकडूनच पुन्हा सुरू होतो, आणि सुटीच्या दिवशी तिथे कुणी नसतं. डिजिटल ओळखपत्र जिथे मिळतं तिथे ते बहुधा एकाच फोनवर राहतं आणि नव्या फोनवर पडताळणी पहिल्यापासून होते.

मनगटावरच्या घड्याळाचं टोकन वेगळं असतं. फोनचं लागलं म्हणून घड्याळाचं लागत नाही. अ‍ॅपल वॉच जुन्या आयफोनपासून सोडवलं की त्यातली कार्डं निघतात आणि नव्या फोनशी जोडल्यावर परत घालावी लागतात. इतर घड्याळांवरही जोडणी झाल्यावर कार्डं आहेत का ते पाहा.

जुना फोन रिकामा करण्याआधी

आता ७०९३ कडे येऊ. गेल्या आठवड्यात जुना फोन टेकवून बूट घेतले, ते परत करायचे आहेत. पावतीवर कार्डाचे शेवटचे आकडे ७०९३ छापलेले असतात. दुकानदार तुमचं प्लास्टिक पाहतो, त्यावर ४४१२. नवा फोन दाखवला तर १६५८. तो म्हणणार, हे ते कार्ड नव्हे. जुना फोन हाताशी असेल तर तोच टेकवला की काम होतं. नसेल, तर निदान हे आकडे त्याच कार्डाचे होते हे बँकेच्या विवरणातल्या नोंदीवरून दाखवता येतं, आणि तुम्ही ते लिहून ठेवलेले आहेत. म्हणून परत करायची वस्तू, हॉटेलची अडकवलेली रक्कम, भाड्याच्या वाहनाची अनामत असं काही बाकी असेल तर जुन्या फोनमधलं कार्ड तोपर्यंत राहू द्या. एकच कार्ड दोन्ही फोनवर एकाच वेळी चालायला हरकत नसते.

हे मिटलं की आधी नव्या फोनने एक छोटी खरेदी टेकवून करा आणि ती बँकेच्या विवरणात आली का पाहा. मग जुन्या फोनच्या वॉलेटमधून एकेक कार्ड काढा, फोन इंटरनेटला जोडलेला असताना. इथे एक फरक ध्यानात ठेवा. जुन्या फोनच्या वॉलेटमधून कार्ड काढणं वेगळं आणि `pay.google.com` वर जाऊन गूगल खात्यातून ते पुसणं वेगळं. खात्यातून पुसलंत तर ऑनलाइन खरेदीसाठी साठवलेलं कार्डही जाईल आणि त्यावर चालणाऱ्या वर्गण्या अडतील. तुम्हाला फक्त पहिलं करायचं आहे. प्लास्टिकचं कार्ड यात कुठेच रद्द होत नाही.

नुसतं वॉलेट अ‍ॅप काढून टाकणं किंवा सिम काढून घेणं पुरेसं नाही. टेकवून पैसे द्यायला त्या क्षणी इंटरनेट लागतंच असं नाही, आणि सिमचा तर संबंधच नाही. कार्डं काढून झाली की खात्यातून बाहेर पडा आणि फोन पूर्ण पुसून मूळ स्थितीत आणा.

जुना फोन आधीच विकला गेला असेल, बंद पडला असेल किंवा हरवला असेल, तर हे दुरून करता येतं. अँड्रॉइडसाठी गूगलच्या फोन शोधण्याच्या सोयीतून फोन कुलूपबंद करता येतो किंवा पुसता येतो, आणि खात्याच्या सुरक्षा पानावरून त्या उपकरणाला बाहेर काढता येतं. आयफोन हरवला असेल तर `Find My` मध्ये तो हरवल्याचं नोंदवलं की त्यातली कार्डं थांबवली जातात. विकलेला असेल तर अ‍ॅपल खात्याच्या पानावर त्या फोनच्या तपशिलात जाऊन वॉलेटमधल्या गोष्टी काढण्याचा पर्याय आहे. फोन बंद असेल आणि पुसण्याची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर बँकेला सांगा की अमुक फोनचं टोकन बंद करा. टोकन बँकेच्या बाजूनेही बंद होतं, त्यासाठी फोन चालू असावा लागत नाही. बोलताना टोकनचे शेवटचे चार आकडे विचारले, तर ७०९३ सांगायचे.